हँग झालेला कॉम्प्युटर बंद करण्याआधी बाबांना काय विचारायचं

"बाबा ७४ वर्षांचे, देवगडजवळ गावी असतात, मी ठाण्याला. त्यांचा डेस्कटॉप पंधरा-वीस दिवसांतून एकदा हँग होतो. फोनवर सांगायला गेलं की दोघांचीही चिडचिड होते आणि शेवटी बाबा मेन स्विचच पाडतात. दुरुस्तीवाल्याकडे नेला की तिथे तो नीट चालतो. 'नेमकं काय होतं?' असं तो विचारतो, आणि आमच्याकडे उत्तर नसतं. फोनवरून नीट रीस्टार्ट कसं करून घ्यावं, आणि त्याच्यासाठी काय टिपून ठेवावं?"

आधी तुमच्या दुरुस्तीवाल्याची बाजू मांडतो, कारण मीही त्याच धंद्यातला. देवगड-मालवण पट्ट्यातली मशीनं माझ्याकडे येतात. अधूनमधून हँग होणारं मशीन दुकानाच्या टेबलावर आलं की गुणी बाळासारखं चालतं, आणि त्याला कारणं असतात. येताना रिक्षात धक्के खाऊन सैल झालेली रॅम किंवा केबल आपसूक जागेवर बसते. दुकानातली वीज घरच्यापेक्षा स्थिर असते. आणि लोक फक्त डबा उचलून आणतात. यूपीएस, पॉवर केबल, कीबोर्ड, माऊस सगळं घरीच राहतं. दोष त्यांच्यातच असेल तर मला तो जन्मात दिसायचा नाही.

म्हणून तुमची अडचण रीस्टार्टची नाहीच. ते काम एका बटणाचं आहे. हँग झाला असतानाच स्क्रीनवर आणि डब्यावर काही खुणा असतात, आणि मेन स्विच पडला की त्या कायमच्या जातात. बंद करण्याआधीची दोन मिनिटं तुम्ही फोनवर कशी वापरता, यावर दुरुस्ती एका फेरीत होणार की चार, हे बरंचसं ठरतं. खाली लिहितोय ते विंडोज १० किंवा ११ असलेल्या डेस्कटॉपला धरून. लॅपटॉपचा फरक जिथे पडतो तिथे सांगेन.

पहिली गोष्ट, बाबा फोनवर बोलताना उभे कुठे असतात? आपल्याकडे बऱ्याच घरांत कॉम्प्युटर माजघरात आणि मोबाईलची रेंज खळ्यात, असा प्रकार असतो. ते खळ्यात येऊन तुमचं ऐकतात, आत जाऊन करतात, परत बाहेर येऊन सांगतात. अशा वेळी तीन गोष्टी एका दमात सांगितल्या की एक राहते, एक उलटी होते आणि मग आवाज चढतो. घरात फायबरचं कनेक्शन असेल तर सोपं आहे. कॉम्प्युटर हँग झाला तरी राऊटर चालूच असतो, तेव्हा वायफायवरून व्हॉट्सॲप कॉल लावायचा, फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डशेजारी ठेवायचा. व्हिडिओ कॉलच्या मागे लागू नका. बाबा तुम्हाला स्क्रीन दाखवायच्या नादात अर्धा वेळ पंखा दाखवतात, असा माझा अनुभव आहे. वायफाय नसेल तर एका फेरीला एकच काम सांगायचं, आणि ते काम बघून येण्याचंच असेल, तोंडाने फार समजावण्याचं नाही, असं ठेवायचं.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. "काय झालं?" असं विचारलं की उत्तर "हँग झाला" हेच येणार. "एरर काय आला?" म्हटलं की बाबा म्हणणार, "इंग्रजीत कायतरी आहे." ज्याचं उत्तर नुसत्या डोळ्यांनी किंवा कानांनी देता येईल असंच विचारायचं. कर्सर, टास्कबार, विंडो हे शब्द टाळून बाण, खालची पट्टी, चौकट म्हणायचं. मी लोकांना तीनच प्रश्न शिकवतो, आणि त्यांचा क्रम बदलू देत नाही.

पहिला प्रश्न घड्याळाचा. "बाबा, स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात किती वाजलेत, आणि भिंतीवरच्या घड्याळात किती?" दोन्ही सारखे असतील आणि मिनिट पुढे सरकत असेल, तर मशीन आतून चालू आहे, अडकलाय तो एखादा प्रोग्राम. स्क्रीनवरचं घड्याळ मागेच थांबलेलं असेल तर तो आकडा कागदावर लिहून घ्यायला सांगा, कारण हँग झाला ती नेमकी वेळ तीच. बाबांच्या लक्षात आलं ती वेळ पुष्कळ नंतरची असू शकते.

दुसरा प्रश्न बाणाचा. माऊस हलवला की बाण हलतो का? बाण हलतो पण कशावर क्लिक होत नाही, हे वेगळं दुखणं. बाणच हलत नाही पण घड्याळ चालतंय, म्हणजे बहुतेक माऊसच गेलाय. वायरलेस असेल तर सेल संपलाय किंवा मागे लावलेला छोटा रिसीव्हर ढिला झालाय. केवळ माऊसचा सेल संपल्यामुळे दुकानापर्यंत आलेले डबे मी पाहिलेत.

तिसरा प्रश्न कॅप्स लॉकचा. ते बटण दाबलं की कीबोर्डवरचा बारीक दिवा पेटतो, पुन्हा दाबलं की विझतो. हा दिवा बटणाने थेट लागत नाही. कीबोर्ड विंडोजला कळवतो, आणि बहुतेक मशीनवर विंडोज उलट निरोप पाठवून दिवा लावते. दिवा पेटत-विझत असेल तर विंडोज जिवंत आहे. अजिबात हलत नसेल आणि घड्याळही थांबलेलं असेल, तर सगळं मशीनच गोठलंय, आणि मग मी एखाद्या प्रोग्रामऐवजी रॅम, डिस्क, वीज किंवा ड्रायव्हर यांच्याकडे बघायला लागतो. वायरलेस कीबोर्डवर पुष्कळदा हा दिवाच नसतो, तेव्हा ही परीक्षा सोडून द्या.

जाता जाता डब्यावरचा दुसरा, छोटा दिवाही बघायला सांगा. पॉवरचा दिवा एकसारखा पेटलेला असतोच. त्याच्या बाजूचा लाल किंवा केशरी दिवा डिस्कचा, तो एरवी लुकलुकतो. तो सतत पेटलेला आहे, लुकलुकतोय की पूर्ण विझलाय, एवढं कळलं तरी मला पुष्कळ कळतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि दिवा जोरात लुकलुकत असेल, तर घाई करू नका. बाबांना म्हणा, "चहा घेऊन या." दहा मिनिटांनी मशीन आपोआप हलायला लागलं तर ते हँग नव्हतंच, डिस्क तरी थकलीय किंवा काम तरी तिच्या कुवतीबाहेरचं झालंय. वहीत तसंच लिहायचं: "दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाला." माझ्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची आहे.

आता बंद करायचं. पण दोन स्क्रीन अशा आहेत की त्या दिसत असतील तर बटणाला हात लावायचा नाही. एकावर गोल फिरत असतो आणि `Working on updates`, `Don't turn off your computer` अशा ओळी असतात. दुसरीवर `Scanning and repairing drive` आणि टक्क्यांचा आकडा असतो. बाबांना इंग्रजी वाचता येत नसेल तर "गोल फिरतंय का, टक्के दिसतात का" एवढं विचारा. जुन्या डिस्कवर यात तास-दोन तासही जातात. मधेच वीज तोडली तर विंडोज अर्धवट राहून पुढच्या वेळी सुरूच न होण्याची भीती असते. आकडा किंवा दिवा काहीच न बदलता चार-पाच तास गेले, तर मग बंद करण्यावाचून इलाज नाही.

तिसरी एक स्क्रीन आहे ती उलट ताबडतोब बंद करण्याजोगी. मोठ्याने भोंगा वाजतो, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा, मशीन बंद करू नका" अशा अर्थाचं काहीतरी लाल-निळ्या चौकटीत येतं, आणि बाबांना वाटतं हँग झाला. ते फक्त इंटरनेटवरचं एक पान असतं, स्क्रीनभर पसरलेलं. त्या नंबरवर फोन करायचा नाही, हे बाबांना आजच सांगून ठेवा. सरळ पॉवर बटण दाबून धरायचं. पुन्हा सुरू झाल्यावर ब्राऊझर आधीची पानं परत उघडू का, असं विचारतो, तिथे नाही म्हणायचं. फोन झालाच असेल आणि पैसे गेले असतील किंवा ओटीपी दिला असेल, तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

हे काहीच नसेल, तर आधी सौम्य उपाय. कंट्रोल आणि आल्ट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने डिलीट दाबायला सांगा, आणि मिनिटभर वाट बघा. स्क्रीन बदलून निळी किंवा काळी झाली आणि चार-पाच ओळी आल्या, तर खाली उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून `Restart`. `Shut down` नको. विंडोज १० आणि ११ बऱ्याच मशीनवर शटडाऊन करताना आपला गाभा डिस्कवर गुंडाळून ठेवते आणि चालू करताना तोच उलगडते, म्हणजे बिघडलेली अवस्थाही परत येऊ शकते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. "मी बंद करून चालू केला तरी तसंच" अशी तक्रार पुष्कळदा यामुळेच येते.

मिनिटभरात काहीच बदललं नाही, तर पॉवर बटण. इथे चूक ठरलेली असते: दाबतात आणि सोडतात. नुसतं दाबलं तर ती विंडोजला बंद होण्याची विनंती असते, आणि गोठलेली विंडोज ती ऐकत नाही. बटण दाबून धरून ठेवायचं, आणि तुम्ही फोनवर बाबांबरोबर मोठ्याने एक ते दहा मोजायचं. साधारण चार-पाचला दिवे विझतात, पण दहापर्यंत सोडायचं नाही. दिवे विझले की यूपीएसचं बटणही बंद, मिनिटभर थांबायचं, मग यूपीएस चालू, मग डबा चालू. हे मिनिट वाया नसतं. त्यात डिस्क आणि बोर्डवर उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बटण तीसपर्यंत मोजून धरायचं, सोडायचं, मग चार्जर लावून सुरू करायचं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पॉवर बटणाशेजारी आईची एक लाल टिकली चिकटवून या. काही डब्यांवर शेजारीच छोटं रीसेटचं बटण असतं, आणि वयस्कर माणसं हमखास तेच दाबतात.

मेन स्विच मात्र सोडवाच. डिस्कच्या दृष्टीने बटण धरून बंद करणं आणि वीज तोडणं सारखंच रांगडं आहे, तो मुद्दा नाही. मेन पाडला की राऊटर जातो, तुमचा कॉल तुटतो आणि पुढे काय दिसलं ते कळत नाही. पण त्यांच्या या सवयीतून तुमच्या मशीनबद्दल एक गोष्ट समजते. बाबांना विचारा, मेन पाडल्याबरोबर कॉम्प्युटर विझतो का? यूपीएस असताना तो विझायला नको. पाच-दहा मिनिटं तरी चालायला हवा. लगेच विझत असेल तर यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. त्या छोट्या सीलबंद बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दमतात आणि आपल्याकडच्या विजेच्या खेळखंडोब्यात त्याही आधी. मग विजेचा प्रत्येक झटका मशीनपर्यंत जातो, आणि तुम्ही मला फक्त डबा आणून दिलेला असतो.

सुरू होताना पहिली दोन मिनिटं बाबांनी स्क्रीनसमोरून उठायचं नाही. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, निळी स्क्रीन आली, बीप वाजला, तर त्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढायचा. वाचून दाखवायला लावू नका. निळ्या स्क्रीनवर खाली `Stop code` असं लिहून पुढे मोठ्या अक्षरांत एक नाव असतं, ते फोटोत आलं की काम झालं. सुरू झाल्यावर तारीख बघायची. ती काही वर्षं मागे गेली असेल, तर बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय. ती सी आर २०३२ नावाने कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. तारीख चुकली की बँकेच्या साईट उघडत नाहीत, आणि बाबांना ते वेगळंच दुखणं वाटतं.

या नोंदींचा उपयोग कसा होतो, ते एका मशीनवरून सांगतो. आचऱ्याच्या बाजूचे एक निवृत्त गृहस्थ, मुलगी पुण्याला. मशीन माझ्याकडे येऊन गेलं होतं आणि दुकानात आठवडाभर नीट चाललं होतं. मी मुलीला हे तीन प्रश्न दिले. पुढच्या वेळी तिचं वडिलांशी बोलणं झालं ते साधारण असं:

"बाबा, स्क्रीनवरच्या घड्याळात किती?"

"अकरा वीस. पण भिंतीवरच्यात बारा वाजाक इले."

"बाण हलतो?"

"हलणा नाय. गप उभो आसा."

"कॅप्स लॉकचा दिवा?"

"दाबतंय, पण पेटणा नाय. डब्यावरचो लाल दिवो मात्र सारखो पेटलेलो आसा."

पुढे वडिलांनी पॉवरऐवजी रीसेटचं छोटं बटण दाबलं, आणि काळ्या स्क्रीनवर `Reboot and Select proper Boot device` अशी ओळ आली. मुलीने फोटो मागवला, मग बटण धरून पूर्ण बंद, एक मिनिट, पुन्हा चालू. मशीन काही झालंच नाही असं सुरू झालं.

मला एवढं पुरेसं होतं. घड्याळ, बाण आणि कॅप्स लॉक तिन्ही थांबले, म्हणजे मशीन पूर्ण गोठलं. डिस्कचा दिवा सतत पेटलेला, म्हणजे मशीन डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलंय. रीसेटने डिस्कची वीज जात नाही, त्यामुळे डिस्क त्याच अडकलेल्या अवस्थेत राहिली आणि बोर्डाला ती सापडलीच नाही. पूर्ण वीज गेल्यावर मात्र ती ठिकाणावर आली. म्हणजे दोष डिस्कमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा बोर्डावरच्या सॉकेटमध्ये. रॅम, विंडोज, व्हायरस या सगळ्या शंका एका फोन कॉलमध्ये मागे पडल्या.

मशीन आल्यावर आधी त्यांचे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली. डिस्कची शंका असेल तेव्हा हे पहिलं काम, तपासणी नंतर. मग डिस्कची स्वतःची नोंदवही वाचली. प्रत्येक डिस्क आपल्या चुका मोजत असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्राममध्ये त्या दिसतात. खराब झालेल्या जागांचा आकडा शून्य होता. पण `UltraDMA CRC Error Count` या ओळीचा आकडा चांगलाच वर गेला होता. ही मोजणी डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेल्या माहितीची असते, म्हणून संशय केबलवर जातो. केबल काढून बघितली तर टोकाच्या पट्ट्या काळवंडलेल्या. डबा खिडकीशी, खिडकी समुद्राकडे. खारा दमट वारा पावसाळ्यात असा डब्यात जाऊन बसतो.

केबल बदलली आणि बोर्डावरचं सॉकेटही बदललं. आता यातली मेख अशी की तो आकडा कधीच खाली येत नाही. केबल नवी घातली तरी जुनी बेरीज तशीच राहते, आणि ती बघून नवीन डिस्क गळ्यात मारणारे आहेत. म्हणून मी तो आकडा आणि तारीख स्टिकरवर लिहून डब्याच्या आत चिकटवली. महिन्याने आकडा तेवढाच असेल तर दोष केबलचा किंवा जुन्या सॉकेटचा होता; वाढत गेला तर बोर्ड किंवा डिस्क. त्यांचा वाढला नाही.

तुमच्या बाबांच्या मशीनला हेच झालंय, असं मी म्हणत नाही. रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडले तरी मशीन असंच गोठतं, फक्त डिस्कचा दिवा सहसा विझलेला असतो आणि सुरू होताना कधी बीप वाजतात. पंख्यात धूळ बसून तापत असेल तर हँग होण्याआधी पंख्याचा आवाज वाढलेला असतो, आणि बंद करून अर्धा तास ठेवल्यावर पुन्हा तासभर नीट चालतं. विजेचं दुखणं असेल तर वेळ जुळते: विहिरीचा पंप लावला की, किंवा संध्याकाळी दिवे मंद झाले की. हे वेगळं ओळखायला एका वेळची नोंद पुरत नाही, तीन-चार लागतात.

त्या नोंदी ठेवायला फॉर्म नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दोन ओळी पुरतात. बाबा बहुधा तिथे दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख लिहितच असतील. एक नमुना:

"स्क्रीनवर ६.५०, भिंतीवर ७.०५. बाण नाही. कॅप्स नाही. लाल दिवा विझलेला. पंप चालू होता. बँकेचं पान उघडलं होतं. बटण धरून बंद, पहिल्या वेळी सुरू झाला."

शेवटचं वाक्य विसरू देऊ नका. पहिल्याच वेळी सुरू झाला की दोन-तीनदा करावं लागलं, यावरून दुखणं वाढतंय की तेवढंच आहे ते समजतं. आणि डब्यातून टक-टक असा ठराविक आवाज आला तर तेच शेवटचं रीस्टार्ट समजा. तो हार्ड डिस्कचा असतो, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतल्या फोटोंची आशा कमी होते. बंद करून तसंच दुकानात पाठवायचं.

डब्याला हात लागल्यावर मुंग्या येतात का, तेही एकदा विचारून घ्या. तसं होत असेल तर घराचं अर्थिंग नीट नाही, आणि ते काम माझं नाही, वायरमनचं. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि असं होतं. काम होईपर्यंत बाबांनी चप्पल घालूनच मशीनला हात लावावा. त्याच खड्ड्यामुळे मशीनही उगाच अडखळू शकतं, म्हणून मला ते कळायला हवं.

मशीन सुरू झाल्यावर उरलेलं काम बाबांचं नाही, तुमचं. विंडोजमध्येच क्विक असिस्ट नावाची सोय असते. तिने तुम्ही ठाण्याहून त्यांची स्क्रीन बघू शकता. फोन तुम्हीच लावायचा आणि बाबांनी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ते उघडायचं नाही, एवढा नियम पाळा. मग विंडोजचं आणि आर ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत हे टाईप करा:

```
perfmon /rel
```

तारखेनुसार एक तक्ता उघडतो. ज्या दिवशी बिघाड झाला तिथे लाल फुली असते, आणि तिच्यावर क्लिक केलं की त्या दिवशी काय काय कोसळलं त्याची यादी दिसते. `Windows was not properly shut down` ही ओळ दिसली तर घाबरू नका. बाबांनी बटण धरून बंद केलं किंवा मेन पाडला की ती येणारच. ती सांगते की मशीन अचानक बंद पडलं, का पडलं ते सांगत नाही. बघायचं ते त्याच दिवशीचं बाकीचं: प्रत्येक वेळी एकाच प्रोग्रामचं नाव येतंय का, किंवा हँग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कुठला ड्रायव्हर किंवा अपडेट बसलाय का. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कॅलेंडरच्या नोंदीशी तारखा जुळल्या तर बाबांची टिपणं बरोबर आहेत; न जुळल्या, म्हणजे कॅलेंडरवर हँग आहे आणि तक्त्यात त्या दिवशी काहीच नाही, तर माऊस-कीबोर्डकडे पुन्हा एकदा बघा.

पुढच्या वेळी दुकानात पाठवताना डब्याबरोबर यूपीएस, त्याची वायर, पॉवर केबल आणि कीबोर्ड-माऊसही पाठवा. मॉनिटर राहू दे. कॅलेंडरच्या पानाचा फोटो आणि काळ्या किंवा निळ्या स्क्रीनचे फोटो दुरुस्तीवाल्याला व्हॉट्सॲपवर आधीच टाका, आणि डबा उघडण्यापूर्वी त्याला फोन करून दोन गोष्टी सांगा: आधी फोटो-कागदपत्रं काढून घे, आणि काही बदललंस तर काय बदललंस ते तारखेसह डब्याच्या आत लिहून चिकटव.